वादळात नव्या खलाशाची निष्ठा नेमकी कुठे पणाला लागते?

प्रश्न: "मी कुमारवयीन वाचकांसाठी साहसकथा लिहितो आहे. रत्नागिरीकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो आणि वादळात सापडतो. तिथे त्याची सोबत्यांवरची निष्ठा पणाला लागावी, म्हणून मी त्याला पाण्यात पडलेल्या तांडेलासाठी समुद्रात उडी मारायला लावली. वाचणारे म्हणतात, प्रसंग खोटा वाटतो. वादळात खरोखर काय होते आणि हा प्रसंग कसा लिहावा?"

मी बरीच वर्षे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ट्रॉलर चालवले, त्यांतली पुष्कळशी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून, आणि नंतर कुमारांसाठी समुद्रकथा लिहू लागलो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहू शकतो. तुमचा प्रसंग खोटा वाटतो तो उडी मारणे अशक्य आहे म्हणून नव्हे, तर त्या उडीमुळे निष्ठा सिद्ध होत नाही म्हणून. चार मीटरच्या लाटांमध्ये पडलेल्या माणसाचे डोके काही क्षणांतच दिसेनासे होते. त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेतली की पाण्यात दोन माणसे होतात, आणि त्यांना शोधण्यासाठी बोट वळवावी लागली तर ती लाटेला आडवी होते. म्हणजे सात जणांच्या बोटीवर उरलेल्या पाच जणांचा जीवही त्या मुलाने धोक्यात घातला. कोणताही जाणता तांडेल याला शौर्य म्हणणार नाही.

खरी अडचण अशी आहे की वादळात बोटीवर पळून जायला जागाच नसते. गडावरून पळता येते, रणातून पळता येते, पंधरा मीटरच्या लाकडी बोटीवरून कुठे पळणार? सगळे एकाच फळीवर उभे असतात. त्यामुळे "साथ द्यावी की सोडून जावे" हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही आणि तो ओढूनताणून आणला की वाचकाला जाणवते. तिथे निष्ठेची कसोटी निराळ्या ठिकाणी लागते. आपल्याला दिसलेली वाईट गोष्ट तो वेळेवर सांगतो का, विशेषतः ती सांगितल्याने आपला जवळचा माणूस तोंडघशी पडणार असेल तेव्हा, हा खरा प्रश्न आहे. माझे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

त्याआधी हे मान्य केले पाहिजे की बोट कोणती, साल कोणते आणि माणसे किती, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. माशांच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या पर्ससीन नौकेवर पंचवीस-तीस माणसे असतात, तिथे नवा मुलगा घोळक्यात लपू शकतो. मालवाहू जहाजावर अधिकारी आणि खलाशी यांच्यात मोठी उतरंड असते, तिथे तोच प्रसंग वेगळ्या रीतीने घडेल. ट्रॉलरवर सहा-सात माणसे असतात आणि प्रत्येकाच्या हाताला ठरलेले काम असते, म्हणून तुमच्या कथेला ट्रॉलर फार योग्य आहे. आमच्या बंदरांतल्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशीही मोठ्या संख्येने असतात. तुमच्या सात जणांत असा एखादा असेल, तर ओरडून दिलेली मराठी आज्ञा त्याला किती कळते हाही कथेचा भाग होतो. सालाचे म्हणाल, तर मी 2009 च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळासारखी परिस्थिती धरून पुढचे लिहितो. 9 नोव्हेंबरला ते दक्षिणेकडे कमी दाबाच्या स्वरूपात होते आणि 11 तारखेला दुपारी ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळ्यातली बंदी उठून हंगाम रंगात आलेला, बोटी समुद्रात दूरवर पसरलेल्या, आणि तयारीला हाती दिवस थोडे, असे ते दुर्दैवी जुळून आले होते. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यत्वे पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. ट्रॉलर भर जुलैत खोल समुद्रात दाखवू नका, कारण तेव्हा यांत्रिक नौकांना बंदी असते.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रसंगाचा कणा वारा आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. समजा तुमची बोट रत्नागिरीपासून 25 सागरी मैल, म्हणजे सुमारे 46 किलोमीटर, आत आहे आणि वादळ तिच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकते आहे. सुरुवातीला वादळाचा मध्य नैर्ऋत्येला असेल तेव्हा वारा आग्नेयेकडून येईल. मध्य पश्चिमेला आला की वारा दक्षिणेचा होईल आणि तो पुढे वायव्येकडे सरकला की वारा नैर्ऋत्येचा होईल. हे नुसते भूगोलाचे ज्ञान नाही. आग्नेयेचा वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे किनाऱ्याच्या बाजूला लाट मोठी होत नाही आणि माणसे फसतात. वारा सुटला आहे, दक्षिणेकडून लांब, संथ, गुळगुळीत लाटा येत आहेत, पण काम करता येते आहे, म्हणून तांडेल म्हणतो की एकदा जाळे टाकून मग निघू. बंदरावर धोक्याचा बावटा लागला आहे हे वायरलेसवर कळलेले असते, आजूबाजूच्या काही बोटी परत फिरलेल्या असतात, आणि तरीही हा निर्णय होतो, कारण आदल्या दोन खेपांत डिझेलचाही खर्च निघालेला नसतो. तांडेलाला मूर्ख किंवा लोभी दाखवू नका. त्याच्या जागी त्या घटकेला बहुतेकांनी हेच केले असते. मग वारा फिरतो. नैर्ऋत्येचा वारा शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येतो, दक्षिणेच्या जुन्या लाटांवर आडव्या नव्या लाटा चढतात आणि समुद्र एका तालात चालायचा थांबतो. नव्या मुलाला वादळ सुरू झाल्याचे इथे कळते, जुन्या खलाशाला ते कधीचेच कळलेले असते.

जाळे पाण्यात असताना हा बदल झाला, हे तुमच्या कथेचे मर्म आहे असे समजा. तिथे सुमारे 50 मीटर पाणी असेल, तर जाळ्यामागे त्याच्या चार-पाच पट, म्हणजे 200 ते 250 मीटर तार सोडलेली असते. ट्रॉलरचे जाळे बोटीच्या मागून ओढले जाते. त्यामुळे सगळा ताण पिछाडीवर असतो आणि बोट उत्तरेला तोंड करून ओढत असेल, तर दक्षिणेच्या लाटाही पिछाडीवरच येतात. तार पिछाडी खाली धरून ठेवते, तिला लाटेबरोबर वर उठता येत नाही, आणि लाट सरळ आत येते. शांत समुद्रात तार गुंडाळणाऱ्या विंचवर जाळे आत घ्यायला वीस मिनिटे पुरतात. या समुद्रात किती लागतील हे कोणी सांगू शकत नाही. तांडेलापुढे दोन वाटा उरतात. जाळे आत घ्यायचे आणि तेवढा वेळ पिछाडीवर लाटा झेलायच्या, किंवा विंचचा ब्रेक सोडून तार सगळीच्या सगळी जाऊ द्यायची आणि बोट मोकळी करायची. जाळे, त्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या लाकडी-लोखंडी फळ्या आणि तार मिळून लाखांचा माल असतो. तो गेला की मालकाचे नुकसान तर होतेच, पण हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेल्या खलाशांची उचलही फिटत नाही. काही बोटींवर पगार असतो, काहींवर डिझेल, बर्फ, रेशन वजा जाता वाटा असतो. तुमच्या बोटीवर काय आहे ते आधीच ठरवा आणि पहिल्या प्रकरणात वाचकाला सांगा, कारण वादळात ते सांगायला वेळ मिळणार नाही.

आता निष्ठेचा पेच इथे कसा बसवायचा ते पाहू. मी मुलाच्या मामाला बोटीचा ड्रायव्हर, म्हणजे इंजिन सांभाळणारा, केले असते. आमच्याकडे मुले अशीच बोटीवर येतात, कोणाच्या तरी शब्दावर. मामाने तांडेलाकडे रदबदली केली, मुलाच्या आईला शब्द दिला, मुलाच्या उचलीतून घराचे छप्पर शाकारले गेले. या मुलाचे बोटीवर जे काही आहे ते मामामुळे आहे. इंजिनखोली हे मामाचे राज्य, आणि तिथल्या गोष्टी वर सांगायच्या त्या मामानेच, असा अलिखित नियम. हे सगळे किनाऱ्यावर आणि पहिल्या शांत दिवसांत दाखवून ठेवा.

लाकडी बोटीत पाणी येतच असते. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून थेंब थेंब येते, फळ्यांच्या सांध्यांतून येते, मासळीच्या खणाच्या झाकणातून येते. ते तळाशी साठते आणि इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप ते बाहेर टाकतो. पंपाच्या नळीच्या तळाच्या टोकाला जाळी असते, आणि ती जाळी तुंबते. नायलॉनचे धागे, माशांची खवले, चिंध्या, बिस्किटांच्या पुड्यांचे प्लास्टिक, हे सगळे तळाला पडलेले असते. एरवी ते एका कोपऱ्यात निपचित असते, पण बोट जोराने हेलकावू लागली की सगळे ढवळून निघते आणि नेमके गरजेच्या वेळी जाळीला येऊन चिकटते. जाळी साफ ठेवणे आणि तळ झाडणे हे ड्रायव्हरचे काम आहे. ते कंटाळवाणे आहे, म्हणून राहून जाते.

पंप तुंबल्याचे बाहेरून कळते, आणि तुमच्या मुलाला ते कळू द्या. बोटीच्या कुशीतून, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, पंपाची धार पडत असते. चांगला चालणारा पंप मनगटाएवढी सलग धार टाकतो. तुंबू लागला की धार बारीक होते, मग खोकल्यासारखी तुटक येते, हवा फुरफुरते आणि शेवटी काहीच येत नाही. जुने खलाशी येता-जाता नकळत त्या धारेकडे नजर टाकतात. कथेत एखादा वयस्क खलाशी, ज्याला सगळे आबा म्हणतात, पहिल्याच दिवशी मुलाला ही सवय लावतो असे दाखवा. वादळात सगळ्यांची नजर तारेवर आणि लाटांवर असताना, ओकून ओकून अर्धमेला झालेला हा मुलगा कठड्याला धरून वाकलेला असतो, आणि त्यामुळेच धार बंद पडलेली त्यालाच दिसते. योगायोग वाटू नये यासाठी हे फार उपयोगी आहे. तो शूर आहे म्हणून त्याला ते दिसत नाही, तो आजारी आहे म्हणून दिसते.

तो खाली जातो. इंजिनखोलीत उतरणे हीच पहिल्या वादळातली मोठी शिक्षा असते. वर निदान क्षितिज आणि वारा असतो, खाली डिझेलचा वास, उष्णता आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मी एक छोटा उतारा लिहून दाखवतो.

"शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय टेकला तेव्हा पायाला फळी लागायला हवी होती, लागले ते पाणी. काळे, कोमट, तेलाचा थर असलेले. बोट उजवीकडे कलली तसे ते सगळे उजवीकडे धावले आणि इंजिनच्या चाकाला लागून भिंतीभर उडाले. मामा पोटावर पडून हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून काहीतरी चाचपत होता.

'मामा, धार बंद पडलीय.'

'ठाऊक आहे.'

'तांडेलाला सांगू?'

मामाने मान वर केली. त्याच्या भुवईतून तेल गळत होते. 'आता काढतो. तू वर जा. काही बोलू नको.'"

या ठिकाणी थांबा आणि मामाला नीट समजून घ्या, कारण तो खलनायक झाला तर पेच संपला. जाळी साफ करायची राहिली हे त्याला माहीत आहे. तांडेलाला कळले तर तो तार सोडून देईल, जाळे जाईल, आणि ते कोणामुळे गेले हे सगळ्या बंदराला कळेल, हेही त्याला माहीत आहे. पाच मिनिटांत जाळी मोकळी होईल असे त्याला मनापासून वाटते, आणि कदाचित होईलही. तो भाच्याकडे फक्त पाच मिनिटे मागतो आहे. ज्याने आपल्याला इथवर आणले त्याला पाच मिनिटे द्यायची नाहीत का, हा प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलाला खराच पडेल, आणि वाचकालाही पडला पाहिजे.

मग सांगणे इतके निकडीचे का, हे वाचकाला नेमके कळले पाहिजे, नाहीतर मुलगा नुसता चुगलखोर वाटेल. तळात सुटे पाणी असले की बोट ज्या बाजूला कलते त्या बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलवते, आणि बोट सरळ व्हायला निघते तेव्हा त्याच्या वजनामुळे तिला उशीर होतो. कोरडी बोट झटक्याने कलते आणि झटक्याने उठते, त्या झटक्यांनी माणसे हैराण होतात, पण ती बोट ठीक असते. पाणी भरलेली बोट हळू हेलकावते, जणू शांत झाल्यासारखी, आणि कललेल्या अवस्थेत क्षणभर रेंगाळते. नवख्याला वाटते, समुद्र निवळतो आहे. जाणत्याच्या छातीत धस्स होते. तुमच्या मुलाने आदल्या दिवसांत आबांबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावा मोजलेला असावा. समजा तेव्हा सहा आकडे होत होते आणि आता वर येऊन तो मोजतो तर नऊ होतात. आकडा बोटीबोटीवर वेगळा असतो, आकडा वाढला एवढेच महत्त्वाचे.

यात तांडेलाचा निर्णय गुंतलेला आहे. तळ कोरडा असेल तर पिछाडीवर चार-दोन लाटा झेलून जाळे आत घेण्याचा धोका तो पत्करू शकतो, कारण डेकवर आलेले पाणी बाजूच्या भोकांतून निघून जाईल आणि बोट उठेल. तळात पाणी असेल तर पुढची मोठी लाट आत आल्यावर बोट उठेलच याची खात्री नाही, आणि पाणी इंजिनच्या चाकाने उडून बॅटरीवर आणि पट्ट्यावर गेले तर दिवे, वायरलेस आणि शेवटी इंजिनही जाईल. म्हणजे तांडेल ज्या माहितीवर सात जिवांचा हिशेब मांडतो आहे ती माहितीच खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे फक्त मामाला आणि मुलाला ठाऊक आहे. हा पेच मला उडीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मामाशी इमान आणि बोटीशी इमान एकाच वेळी राखता येत नाही, आणि ठरवायला मुलाच्या हाती विंचवर तार गुंडाळली जाईल तेवढाच वेळ आहे.

तो सांगतो. कसे सांगतो हे फार महत्त्वाचे आहे. वादळात कोणी लांब वाक्ये बोलत नाही, वारा अर्धे शब्द उडवून नेतो. "पंप बंद. पाणी फळीवर." एवढेच. मामाचे नाव तो घेत नाही. हे तुमच्या मुलाचे चरित्र आहे, ते भाषणाने दाखवू नका. तांडेलही "कोणामुळे?" असे विचारत नाही, कारण त्या क्षणी त्याला ते जाणून घ्यायचेच नसते. तो जीपीएसवर जागेची खूण करतो, म्हणजे पुढे कधी गळ टाकून जाळे शोधता येईल, आणि मग हात उंचावून विंचवरच्या माणसाला ब्रेक सोडायला सांगतो. तार सुटताना सगळ्यांनी बाजूला व्हायचे असते. ताणलेल्या तारेचे टोक ड्रमवरून निसटताना ज्या जोराने फटका मारते, त्याने माणसाचा पाय मोडू शकतो. नव्या मुलाला कोणीतरी मानगूट धरून मागे ओढतो, हे एक वाक्य तिथे पुरे आहे. तार संपते, बोट पिछाडीने एकदम वर उठते, आणि तो फरक पायांना कळतो.

यानंतरचे काम मुलाचे आहे. तांडेल त्यालाच खाली पाठवतो, कारण विंच मोकळा झाल्यावर बाकीचे हातपंप आणि बादल्यांवर लागतात आणि त्याचा हात सडपातळ आहे. पंपाच्या नळीचे टोक इंजिन आणि बोटीची कूस यांच्या फटीत असते. शेजारी शाफ्ट फिरत असतो, त्यामुळे बाही दंडापर्यंत गुंडाळून घट्ट बांधावी लागते, नाहीतर कापड ओढले जाऊन हात जातो. इंजिन बंद करून हे काम करता येत नाही, कारण इंजिन बंद झाले की बोट लाटेला आडवी होईल. मामा त्याचे पाय धरून बसतो. काही मिनिटांपूर्वी "बोलू नको" म्हणणारा माणूस आणि बोललेला मुलगा, त्या अरुंद जागेत, एकाच्या हाती दुसऱ्याचे पाय. दोघांनी एक शब्दही बोलू नये. मुलाच्या बोटांना धाग्यांचा गुंता लागतो, तो ओढतो, तुटतो, पुन्हा ओढतो. नळीने पाणी शोषल्याचा आवाज येतो. वरून आबा ओरडतात, "धार आली!" मुलाला ती दिसत नाही, त्याला ऐकावीच लागते. लिहिताना इथे सर्वांत जास्त जागा द्या. माझ्या मते कथेतली दोन-तीन पाने फक्त या फटीत गेली तरी चालतील.

वादळाचा उरलेला भाग थोडक्यात उरका. तांडेल लाटांची रांग पाहून, त्यातल्या त्यात लहान लाटा आल्या की बोट चटकन वळवतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, नैर्ऋत्येला लाटेच्या तोंडावर धरून इंजिन मंद चालवत राहतो. बोट जवळजवळ जागच्या जागी राहते. एक गोष्ट मात्र जरूर घ्या. सगळ्यांना घरी जायचे असते, आणि शांत समुद्रात साडेतीन-चार तासांचे अंतर असते. कोणीतरी म्हणेलच की वारा पाठीमागून आहे, सरळ खाडीत शिरू. नैर्ऋत्येचा वारा आणि ओहोटी एकत्र आली की खाडीच्या तोंडावर, जिथे वाळूमुळे पाणी उथळ होते, तिथे लाटा फुटू लागतात. पाठीमागून येणारी फुटती लाट बोटीची पिछाडी उचलून तिला आडवी फिरवते, आणि घराच्या दिव्यांसमोर बोट उलटते. म्हणून तांडेल नाही म्हणतो आणि रात्र बाहेर काढतो. देवगडसारखे डोंगराच्या आड असलेले बंदर जवळ असते तर गोष्ट निराळी होती. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूकडच्या अनेक बोटींनी देवगडलाच आसरा घेतला होता. तुमच्या कथेत तसे बंदर वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे प्रश्न सुटत नाही.

भीतीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण लिहिताना अडचण तीच येईल. पहिल्या वादळात नव्या माणसाला भीती लाटेची कमी आणि आवाजाची जास्त वाटते. नाळ खाली आपटली की सगळ्या फळ्या करकरतात, आणि त्याला प्रत्येक वेळी वाटते की आता फुटली. तोंड कोरडे पडते आणि ओकारीने पोटात काही उरत नाही, त्यामुळे हातांतली शक्ती जाते. ही शारीरिक दुर्बळता लिहा, "त्याच्या अंगावर काटा आला" अशी वाक्ये गाळा. दिवस उजाडून लाट उतरू लागली की माणसे आनंदाने ओरडत नाहीत. जो जिथे असतो तिथे बसतो, आणि भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, चुलीशी जाऊन काळा चहा ठेवतो.

राहिला मामाचा हिशेब, आणि तो बंदरावर चुकता करा, समुद्रावर नको. बोट धक्क्याला लागल्यावर मालक पहिला प्रश्न विचारणार की जाळे कुठे आहे. तोवर तांडेलाला सगळे उमगलेले आहे, कारण पंपाच्या जाळीतून निघालेला गुंता त्याने पाहिला आहे, आणि एका रात्रीत इतका गाळ साठत नाही हे त्याला कळते. मुलगा बाजूला उभा आहे, मामा दोर बांधण्याच्या निमित्ताने पाठ करून उभा आहे. तांडेल मालकाला काय सांगतो हे तुम्हाला ठरवायचे आहे, आणि त्याच्या दोन्ही उत्तरांना किंमत आहे. तो खरे बोलला तर मामाचे काम जाईल आणि मुलाला घरी जाऊन आईला तोंड द्यावे लागेल. तो "वादळात तार सोडावी लागली" एवढेच बोलला, तर जाळ्याची भरपाई सातही जणांच्या हिशेबातून हप्त्याहप्त्याने वळती होईल आणि आबांसारखा निर्दोष माणूसही ती भरेल. मी लिहिले असते तर तांडेलाला दुसरे उत्तर द्यायला लावले असते, आणि मग पुढच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी मामा इंजिनखोलीचा तळ स्वतः झाडतो आहे आणि भाचा न सांगता शेजारी येऊन बादली धरतो आहे, इथपर्यंत कथा नेली असती.